श्वास मोजणारी आजी

सकाळी पोह्यांची बशी चाटूनपुसून बालवाडीत गेलेली साडेचार वर्षांची नात दुपारी घरी येते आणि चपला न काढताच पायरीवर बसून राहते. "आजी, पाय दुखतायत." डोकंही दुखतंय. संध्याकाळी सहापर्यंत अंग भाजू लागतं. नाक मात्र अजून कोरडं आहे, खोकलाही नुसता कोरडा ठसका. साध्या सर्दीत आधी नाक वाहतं आणि ताप आलाच तर मागाहून, बेताचा येतो. फ्लूची रीत उलटी आहे. इन्फ्लुएन्झाचा विषाणू अंगात शिरल्यावर एक ते चार दिवस शांत असतो आणि मग काही तासांतच ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी घेऊन उभा राहतो. लहान मुलांच्या पोटऱ्या तर इतक्या दुखतात की ती चालायला नको म्हणतात.

इथे सांगितलेली आजी कुणी एक बाई नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जी रात्र जागून काढली जाते, तिची ही गोष्ट आहे. घर एका तालुक्याच्या गावातलं आहे. मुलगा नोकरीच्या गावी, सूनबाईंची रात्रपाळी. घरात सहासष्ट वर्षांची आजी आणि सोळा किलो वजनाची नात, दोघीच. डॉक्टरांनी संध्याकाळी तपासून सांगितलंय, "फ्लू दिसतोय. छाती साफ आहे. तापाचं औषध वजनावर देतोय. रात्री लक्ष ठेवा." लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं कशावर, हे बहुतेक घरांत कुणी नीट सांगत नाही आणि मग रात्रभर सगळं लक्ष थर्मामीटरवरच राहतं.

साडेनऊला पोर कुडकुडायला लागते. दात वाजतायत, हातपाय बर्फासारखे गार, नखं फिकट, आणि कपाळ तापलेलं. "आजी, थंडी वाजतेय, गोधडी दे ना." शेजारच्या काकू तेवढ्यात विचारपूस करायला येतात. "अहो, गोधडी कसली घालताय, ताप डोक्यात जाईल. गार पाण्याच्या घड्या ठेवा. थांबा, माझ्याकडे कोलन वॉटर आहे." आजीच्या सासूबाईही कोलन वॉटरच्याच घड्या ठेवत. एकीकडे गोधडी मागणारं पोर, दुसरीकडे घड्या सांगणाऱ्या काकू. ऐकायचं कुणाचं?

शरीरात त्या वेळी काय चाललंय हे कळलं की उत्तर आपोआप मिळतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग शरीराचं तापमान ठरावीक पातळीवर राखतो. विषाणूशी झुंजणाऱ्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य तयार होतं आणि हायपोथॅलॅमस ती पातळी वर सरकवतो. समजा ती आता १०३ अंश ठरली आणि अंग १०० वर आहे. मेंदूच्या हिशेबी तेवढं अंग 'गार'च. म्हणून तो स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतो आणि ती वाया जाऊ नये म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतो. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. पोराला थंडी वाजतेय ती खरीच वाजतेय.

या घडीला गार पाण्याची घडी ठेवली तर कातडी आणखी गारठते आणि मेंदू आणखी जोरात थरथर सुरू करतो. ताप तिथेच राहतो, पोर मात्र जास्त हैराण होतं. कोलन वॉटरचा धोका त्याहून मोठा आहे. त्यात अल्कोहोल असतं. ते उडताना कपाळाला गारवा लागतो हे खरं, पण लहान मुलाच्या कातडीतून आणि श्वासावाटे ते शरीरात जातं आणि जास्त प्रमाणात गेलं तर मूल गुंगतं, रक्तातली साखर घसरते. काकूंची बाटली त्यांना परत न्यायला सांगण्यात काही उद्धटपणा नाही. गोधडीचं उत्तर मात्र मधलं आहे. थंडी वाजते तोवर एखादी हलकी चादर घालावी, पायांत मोजे चढवावेत, आणि थरथर थांबून पाय गरम लागले की पांघरूण काढावं. आजीच्या हाताला हे थर्मामीटरच्या आधी कळतं, फक्त हात कपाळाऐवजी तळपायाला लावायला हवा.

दहा वाजता काखेत १०३.२. काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा साधारण अर्धा ते एक अंशाने कमीच येतो, तेव्हा ताप चांगलाच आहे. आता औषध. या सगळ्या रात्रीत चूक होण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे, म्हणून इथे जरा सावकाश जायला हवं.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. सोळा किलोच्या मुलीला म्हणजे १६० ते २४० मिलिग्रॅम. घरात दोन बाटल्या आहेत. एक गेल्या वर्षीची, तिच्यावर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम. दुसरी आज आणलेली, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. रंग जवळपास सारखा, वासही सारखा. डॉक्टरांनी आजच्या बाटलीतलं ४ मिलिलिटर सांगितलंय, म्हणजे २०० मिलिग्रॅम, अगदी योग्य. तेच ४ मिलिलिटर घाईत जुन्या बाटलीतून दिलं तर पोटात जातील जेमतेम ९६ मिलिग्रॅम. ताप हलणार नाही आणि घरात सगळे म्हणतील, औषध लागू पडत नाही. उलट झालं तर जास्त वाईट. गेल्या वर्षी जुन्या बाटलीतून ८ मिलिलिटर द्यायचो हे आठवून नव्या बाटलीतलं तेवढंच दिलं तर ४०० मिलिग्रॅम, दुप्पट डोस. एकदा झालं तर बहुधा निभावतं. दिवसभर तेच होत राहिलं तर यकृताला इजा होते, आणि ती इजा पहिल्या दिवशी दिसतही नाही. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ते वेगळं दिलं तर तेही या हिशेबात धरावं लागतं.

आजी चष्मा लावते, बाटलीवरचा बारीक मजकूर वाचते, स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवून बाटलीसोबतच्या मापाने ४ मिलिलिटर मोजते आणि जुनी बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर टाकते. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहिते: १०.०५, ४ मिलि. रात्री तीन वाजता, डोळे चुरचुरत असताना, 'मघाशी दिलं होतं का' या प्रश्नाचं उत्तर त्या चौकोनात असतं. दोन डोसांत किमान चार तास हवेत, सहा असले तर उत्तम, आणि चोवीस तासांत चारहून जास्त डोस नकोत.

कपाटात आजीच्या स्वतःच्या गोळ्याही आहेत. हृदयासाठी ती रोज ॲस्पिरिनची बारीक गोळी घेते. जुन्या पिढीत तापाला ॲस्पिरिनची अर्धी गोळी देण्याची पद्धत होती. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिल्यास क्वचित राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृताचा भयंकर आजार होतो, हे १९८०च्या सुमारास स्पष्ट झालं आणि मुलांच्या तापासाठी ते बंद झालं. निमेसुलाइड हे एकेकाळी आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं औषधही बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारत सरकारने २०११ साली बंद केलं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं डॉक्टर काही मुलांना देतात, पण पावसाळ्यात ती घरच्या घरी देणं धोक्याचं आहे, कारण पहिल्या दोन दिवसांत फ्लू आणि डेंगी ओळखू येण्यासारखे वेगळे नसतात आणि डेंगीत या औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो.

साडेअकराला थर्मामीटर १०१.६ दाखवतो. सूनबाईंचा फोन येतो. "आई, उतरला का हो?" आजीच्या आवाजात काळजी आहे, "अगं, अजून एकशे एकच्या वर आहे." इथे कुणीतरी आजीला सांगायला हवं की औषधाने आपलं काम केलंय. पॅरासिटामॉल ताप एक-दोन अंशांनी खाली आणतं, तेही तास-दोन तासांत. १०३ चा ताप ९८ वर आणणं हे त्याचं कामच नाही. ते द्यायचं ते पोराला बरं वाटावं म्हणून, आकड्यासाठी नव्हे. खरी खूण दुसरीच आहे. मघाशी मान टाकून पडलेली नात आता उठून बसलीय, आजीच्या बांगड्यांशी खेळतेय, "मला खिचडी नको, लिंबू सरबत दे" म्हणतेय. आकडा १०१ असूनही असं वागणारं मूल बऱ्या वाटेवर आहे. आकडा १०० आणि मूल निपचित, हाक मारली तरी नजर न लावणारं, तर ती वेळ डॉक्टरांकडे पळण्याची आहे.

साडेबाराला पोर झोपते आणि रात्रीतलं सर्वांत महत्त्वाचं काम करण्याची संधी येते. त्याला औषध लागत नाही, पैसाही लागत नाही.

आजी नातीचा झगा छातीपर्यंत वर करते, दिवा लावते, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहते आणि पोट वर येण्याच्या हालचाली मोजते. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. आकडा येतो ३६. फ्लूमधून मुलाच्या जिवाला जो धोका होतो तो बहुतेक वेळा फुप्फुसांतून येतो, न्यूमोनियाच्या रूपाने, आणि न्यूमोनियाची पहिली खूण छातीच्या फोटोत दिसण्याआधी श्वासाच्या गतीत दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधी आहे: दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याचा वेग. तापाने, रडण्यानेही श्वास वाढतो, म्हणून मूल शांत असताना मोजायचं आणि जास्त आला तर ताप थोडा उतरल्यावर पुन्हा मोजायचं. या पोरीचा ३६ मर्यादेच्या आत आहे, पण काठावर आहे. आजी तोही कॅलेंडरवर लिहिते.

आकड्याच्या जोडीला नजरेने पाहायची एक गोष्ट असते. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातोय का? नाकपुड्या फुलतायत का? कण्हल्यासारखा आवाज येतोय का? पोट असं उडायला लागलं की जुन्या बायका 'डबा झाला' म्हणत. त्यांचं पाहणं बरोबर होतं. उपाय म्हणून काही ठिकाणी पोटावर डाग दिले जात, ते मात्र मुलांच्या जिवावर बेतत असे.

हे पाहणं शिकलेल्या डॉक्टरांचीच मक्तेदारी नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दाईंना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. अनेक दाईंना अक्षरओळख नव्हती, साठापर्यंत मोजणंही अवघड होतं. त्यांच्यासाठी एक साधं यंत्र तयार झालं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ज्या गावांत हे काम झालं तिथे मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. दहापर्यंत मोजता येणारी बाई जे करू शकली ते सातवी-आठवी शिकलेली आजी नक्कीच करू शकते. तिला ते सांगितलं जात नाही, एवढंच.

दीडच्या सुमाराला नात दचकून उठते. "आजी, भिंतीवर मुंग्या! खूप मुंग्या!" भिंत कोरडी, स्वच्छ. आजीच्या पोटात गोळा येतो. चढत्या तापात मुलं असं बरळतात. आजी दिवा मोठा करते, तिला मांडीवर घेते, नाव विचारते, "मी कोण गं?" "आजी." पाणी पिते. हनुवटी छातीला टेकवायला सांगितली तर टेकवते. पाच मिनिटांत मुंग्या गेल्या. हे चालतं. बरळणं थांबत नसेल, मूल घरच्यांना ओळखत नसेल, मान ताठ झाली असेल किंवा जागं करूनही पुन्हा पुन्हा गुंगत असेल, तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. फ्लूचा परिणाम क्वचित मेंदूवरही होतो.

काकू म्हणाल्या तो 'ताप डोक्यात जाण्याचा' धाक बहुधा आकडीचा असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात एकदा तरी आकडी येते. पाहणाऱ्याचा थरकाप उडतो, पण बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि मागे काही ठेवत नाहीत. तापाचं औषध वेळेवर दिल्याने त्या टळतात असंही नाही, त्यामुळे आकडी आलेल्या मुलाच्या आजीने स्वतःला दोष देण्याचं कारण नसतं. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक सामान दूर करायचं आणि घड्याळ पाहायचं. तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, पाणी ओतायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही, उलट श्वासाची वाट अडते. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. पहिलीच आकडी असेल तर ती थांबली तरी डॉक्टरांना त्याच वेळी दाखवायचं.

तीनला पोर पुन्हा तळमळते. १०२.९. कॅलेंडर सांगतं, मागचा डोस दहा पाचला, पाच तास झाले. दुसरा डोस देता येतो. ती गाढ झोपली असती तर नुसत्या आकड्यासाठी उठवून औषध द्यायची गरज नव्हती, झोप तिला औषधापेक्षा जास्त हवी आहे. डोसाबरोबर आजी लिंबू सरबत चमच्याचमच्याने पाजते, एकदम पेलाभर नाही, कारण तापात पोट लगेच उलटतं. मघाशी तांदळाची पेज केली होती, तिचे चार घोट जातात. पोटात किती गेलं यापेक्षा बाहेर काय येतं ते पाहणं सोपं. चारला ती शू करते, भरपूर आणि फिकट पिवळी. आठ तासांत शू झाली नसती, रडताना डोळ्यांत पाणी आलं नसतं, जीभ कोरडी पडली असती, तर काळजी होती.

पाचनंतर घाम फुटतो. झगा, उशी ओली. हायपोथॅलॅमसने पातळी पुन्हा खाली आणलीय, आणि मेंदूला आता अंग गरम वाटतंय, म्हणून कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडून तो उष्णता बाहेर टाकतोय. आजी सुती कोरडा झगा घालते, पंखा हळू लावते. श्वास पुन्हा मोजते: २८. थर्मामीटर ९९.८. पहाट ही शरीराच्या रोजच्या चक्रातली सर्वांत थंड वेळ असते, त्यामुळे यातलं थोडं श्रेय वेळेचंही आहे. आज संध्याकाळी ताप परत चढेल. फ्लूचा ताप तीन-चार दिवस असा चढत-उतरत राहतो, आणि संध्याकाळी चढला म्हणून डॉक्टर बदलण्याची किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करण्याची गरज नसते. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही.

खरी सावधगिरी पुढे दोन ठिकाणी लागते. ताप पूर्ण जाऊन मूल खेळायला लागलं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा जोरात ताप व खोकला आला, तर विषाणूने दुखावलेल्या फुप्फुसांत जिवाणू शिरल्याची शक्यता असते. तेव्हा मात्र अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरांनी द्यायचं असतं. आणि तो आजार फ्लू नसून डेंगी असेल, तर धोक्याचे दिवस तापाचे नव्हेत, ताप उतरतानाचे असतात. ताप गेला, पण पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार आणि मूल मलूल, हिरड्यांतून रक्त, असं दिसलं तर उतरलेल्या तापावर विसंबू नये.

या गोष्टीत आणखी एक पेशंट आहे, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. फ्लू झालेलं मूल ताप येण्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवायला लागतं आणि पुढे आठवडाभर किंवा जास्तही पसरवतं. आजी रात्रभर त्याला कुशीत घेऊन बसली. तिचं वय पासष्टच्या पुढचं, हृदयाचा आजार आहे. फ्लू ज्यांना सर्वांत जास्त भोवतो त्यांत तिची गणना होते. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा महिनाभर साऱ्या शहराने मास्क बांधले होते, पण घरात आजारी नातवंडाजवळ बसणाऱ्या आजीने मास्क बांधावा, खिडकी उघडी ठेवावी, नाक पुसल्यावर साबणाने हात धुवावेत, ही सवय काही रुजली नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसात फ्लू वेगळ्या रूपात येतो. ताप फारसा चढतच नाही. नुसती गळाठा आणणारी अशक्तता, भूक मेलेली, थोडा गोंधळ किंवा धाप, एवढंच दिसतं, आणि घरचे म्हणतात, जागरणाने थकली असेल.

म्हणून सकाळी सूनबाई घरी आल्यावर नातीची फेरतपासणी करायला दवाखान्यात जाताना आजीलाही सोबत न्यावं. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. धडधाकट मुलाला ते नेहमी लागतंच असं नाही, पण आजीचा घसा खवखवायला लागला तर तिच्या बाबतीत डॉक्टर ते लवकर सुरू करतात. आणि या साथीतून दोघी बाहेर पडल्या की दवाखान्यात फ्लूच्या लशीचं विचारावं. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि पहिल्यांदाच घेणाऱ्या या नातीला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील, आजीला एक.